जळालेली मोटार आणि पहिलं पत्र

सबमर्सिबल मोटार जळते तेव्हा शेतकऱ्याला काहीच दिसत नाही. स्टार्टर टाकला की पडतो, पुन्हा टाकला तरी पडतो आणि पाईपाच्या तोंडाला पाणी येत नाही, एवढंच त्याला कळतं. मग तिपाई आणि चेनपुली आणायची, माणसं गोळा करायची आणि अडीचशे-तीनशे फूट पाईप एकेक करत वर ओढायचा. शेवटी मोटार वर येते आणि गावचा वायरमन मेगर लावून सांगतो, "गेली." तोवर माणसाचे मजुरीचे पैसे गेलेले असतात, दिवस गेलेला असतो आणि पिकाचं पाणी तुटलेलं असतं. अशा संध्याकाळी लिहिलेलं पत्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर यायचं.

पंप बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या सर्व्हिस विभागात मी बरीच वर्षं होते. मोटार उघडायला मेकॅनिक होते, बदलून द्यायचा निर्णय साहेबांचा असायचा, आणि तक्रारीला लेखी उत्तर देणं माझ्याकडे होतं. लोकांना वाटतं, यात भाषा गोड ठेवली की झालं. पण खरी अडचण वेगळी असते. समोरच्याचं नुकसान खरं असतं आणि ते मान्य करायचं असतं. कारण मात्र अजून कोणालाच माहीत नसतं. आणि जे लिहू त्यावर कंपनीची सही असते. या तिन्ही गोष्टी एका पानात कशा बसवायच्या, हे मला ज्या प्रकरणात सगळ्यात नीट उमगलं तेच इथे सांगते.

तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी आमच्या डीलरकडून साडेसात एचपीची मोटार घेतली. ती महिन्याभरात जळाली. डीलरने जास्त चौकशी न करता दुकानातली दुसरी मोटार दिली. ती १२ एप्रिलला बोअरमध्ये सोडली आणि १५ मेला तीही गेली. १८ मेला त्यांनी वहीचे दोन कागद भरून पत्र लिहिलं. तुमची मोटार म्हणजे पत्र्याचा डबा आहे, तुम्ही शेतकऱ्याला लुटायला बसला आहात, पहिली मोटार गुपचूप बदलून दिलीत म्हणजे माल खराब आहे हे तुम्हालाच ठाऊक होतं, माझी बाग वाळली, सगळं नुकसान भरून द्या, नाहीतर ग्राहक मंचात खेचतो, असा एकूण सूर होता. खालची सही इतकी दाबून केली होती की मागच्या कागदावर उमटली होती.

त्यांच्या रागाला एक नेमकं कारण होतं आणि ते आमच्या विभागात सगळ्यांना समजलं होतं असं नाही. द्राक्षाची खरडछाटणी साधारण एप्रिलमध्ये होते. तिच्यानंतर चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान नव्या काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होत असतात. त्या काळात पाण्याचा ताण बेतानेच द्यायचा असतो. बाग एकदम कोरडी पडली तर किती घड गेले, हे त्या वेळी कोणालाच मोजता येत नाही. ते कळतं ऑक्टोबरमधल्या फळछाटणीनंतर, नव्या फुटीवर घड निघतात तेव्हा. म्हणजे मे महिन्यात हा माणूस जे नुकसान मागत होता ते खोटं नव्हतं, पण मोजण्याजोगंही नव्हतं.

असं पत्र आलं की मी आधी पेन्सिल घेऊन त्यातली वाक्यं वेगळी करायचे. या माणसाने स्वतः काय पाहिलं? दोन मोटारी बंद पडल्या, पाईप दोनदा काढावा लागला, टँकर आणावे लागले. त्यावरून त्याने काय ठरवलं? माल खराब आहे, कंपनीला ते माहीत होतं. त्याला काय हवं आहे? पाणी आणि पैसे. आणि उरलेला राग. पहिल्या भागाला उत्तरात पूर्ण जागा द्यायची. दुसऱ्या भागाशी वाद घालायचा नाही आणि तो मान्यही करायचा नाही. तिसऱ्या भागातलं आज जे देता येतं ते द्यायचं. रागाला स्वतंत्र उत्तर नसतं. पहिल्या भागाला दिलेलं उत्तरच रागाला लागू पडतं.

या पत्राच्या उत्तराचे दोन मसुदे मी लिहायच्या आधीच तयार झाले होते. पहिला आमच्या विक्री अधिकाऱ्याचा. त्याला डीलर सांभाळायचा होता. त्याने लिहिलं होतं, "आमच्या सदोष मोटारीमुळे आपल्या बागेचे नुकसान झाले याबद्दल आम्ही क्षमा मागतो. आपले संपूर्ण नुकसान भरून देण्यात येईल." तो मला म्हणाला, "मॅडम, दोन गोड शब्दांनी माणूस शांत होतोय तर काय बिघडलं?" बिघडलं ते असं, की मोटार अजून त्यांच्या पडवीत पडलेली होती आणि कोणी उघडलेली नव्हती. सदोष हे कोणी पाहिलं? त्यात दुसरं वाक्य आणखी घातक होतं. जे नुकसान ऑक्टोबरात दिसणार आणि ज्यात पाऊस, डाऊनी, खत असं सगळं मिसळलेलं असणार, ते "संपूर्ण" भरून द्यायचं वचन मे महिन्यात सही करून देणं, हे त्या शेतकऱ्यालाही फसवणंच होतं. कंपनी ते पाळणार नव्हती.

दुसरा मसुदा वकीलसाहेबांचा. "आपले सर्व आरोप खोटे, बिनबुडाचे व कपोलकल्पित असून ते आम्हांस मान्य नाहीत. मोटार कमी दाबाच्या विजेमुळे अथवा चुकीच्या हाताळणीमुळे जळाली आहे. शिवाय आपण मोटार व्यापारी कारणासाठी घेतली असल्याने आपण ग्राहक ठरत नाही." आमच्याकडे हा मसुदा सुरक्षित समजला जायचा. मला मात्र तो पहिल्याइतकाच धोक्याचा वाटला, आणि कारणही तेच होतं. यातही मोटार न उघडताच कारण सांगितलं होतं. शेवटचा मुद्दा तर चालणाराच नव्हता. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबणाऱ्या माणसाला कायदा ग्राहकच मानतो. राष्ट्रीय बियाणे निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाणं घेणारे शेतकरी ग्राहक आहेत हे स्पष्ट केलं आहे. त्याच निकालात निगमाची आणखी एक हरकत फेटाळली गेली. शेतकऱ्यांनी बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला नाही, अशी ती हरकत होती. शेतकरी सगळं बियाणं पेरून टाकतो, तो नमुना बाजूला कशाला ठेवील, असा त्यामागचा साधा विचार. म्हणजे "पुरावा तू आण" म्हणून हात झटकून मोकळं होता येत नाही.

मी वकीलसाहेबांना विचारलं, "कबुली द्यायची नाही, हे मला पटतं. पण नेमकं कशासाठी द्यायची नाही?" त्यांनी फार चांगलं समजावलं, ते त्यांच्या मसुद्यापेक्षा कितीतरी उपयोगी होतं. कंपनीच्या अधिकृत माणसाने सही करून लिहिलेलं विधान उद्या तिच्याचविरुद्ध पुरावा म्हणून वाचता येतं. "आमची मोटार सदोष होती" असं एकदा लिहिलं की नंतर तपासणीत वेगळं निघालं तरी ते वाक्य फाईलमधून उठत नाही. त्याच लॉटच्या मोटारी घेतलेले बाकीचे लोक तेच वाक्य दाखवणार. तारेचा पुरवठादार म्हणणार, तुम्ही आम्हाला न विचारता दोष मान्य केलात, आता तुमचं तुम्ही बघा. ज्या कंपन्या उत्पादन-दायित्वाचा विमा घेतात त्यांच्या पॉलिसीत तर बहुधा स्पष्ट अट असते, की विमा कंपनीच्या संमतीशिवाय कबुली, देकार किंवा वचन द्यायचं नाही.

पण कायद्याची दुसरी बाजूही होती आणि ती मी त्यांच्यापुढे ठेवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हेही धरलेलं आहे. त्यामुळे गप्प बसणं आणि उडवाउडवी करणं यांनाही किंमत मोजावी लागते. ग्राहक आयोगापुढे तक्रार गेली आणि मालातला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग तो माल प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिथून अहवाल आला आणि आमच्या पहिल्या पत्रात "मोटार उत्तमच होती" असं लिहिलेलं असलं, तर आमची पुढची सगळी वाक्यं संशयाने वाचली जाणार.

या बोलण्यातून जे निघालं ते मी पुढे प्रत्येक पत्राला लावत आले. पहिलं पत्र असं हवं की तपासणीनंतर जाणारं दुसरं पत्र, त्यात काहीही निघो, पहिल्याला खोटं पाडणार नाही. अवाजवी कबुली या कसोटीला उतरत नाही, आणि अवाजवी नकारही उतरत नाही.

"हक्कांना बाधा न येता" हा शिक्का प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मारायची आमच्याकडे पद्धत होती. ती मी या पत्रापुरती बाजूला ठेवली. तडजोडीच्या बोलण्यात केलेली विधानं पुराव्यात आणायची नाहीत अशी अट असेल, तर दिवाणी प्रकरणात ती वापरता येत नाहीत. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २३ व्या कलमातली ही तरतूद २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. पण ती तडजोडीच्या बोलणीसाठी आहे. तक्रार मिळाल्याची पोच देणाऱ्या पत्रावर तो शिक्का मारला तर संरक्षण काही मिळत नाही, उलट शेतकऱ्याला वाटतं की कंपनी पहिल्या ओळीपासूनच कोर्टाची तयारी करते आहे. शिवाय पहिलं पत्र पुराव्यात यावं अशीच आपली इच्छा असायला हवी. आपण वेळेत आणि नीट वागलो, हे दाखवणारा तोच तर कागद असतो.

पत्र लिहिण्याआधी मी त्यांना फोन केला. दहा मिनिटं ते बोलत होते. "आमी काय मुद्दाम मोटार जाळतोय व्हय ताई?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "नाही दादा, तसं कोण म्हणेल? मला एवढं सांगा, आज बागेला पाणी कुठनं देताय?" टँकरने, म्हणाले. मोटार कुठे आहे विचारलं, तर पडवीत, अजून उघडलेली नाही. पहिली मोटार? ती डीलरने रिवायंडिंगवाल्याकडे टाकली होती आणि त्याने जुनं वाइंडिंग उपसून भंगारात दिलं होतं. या फोनमुळे मला दोन गोष्टी कळल्या. पहिल्या मोटारीचं कारण आता कधीच कळणार नव्हतं. आणि दुसरीचं कळू शकत होतं, फक्त ती कोणी उघडता कामा नये.

त्याच दिवशी डीलरलाही फोन केला. त्याने शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर लिहून ठेवलं होतं, "कंपनीचा हा लॉटच खराब आलाय." आम्ही पत्रात शब्द मोजत बसतो आणि बाहेर मेकॅनिक, डीलर, विक्रीचा पोरगा लेखी मतं देत फिरतात. त्याला एवढंच सांगितलं, की पाहिलंय ते सांगा, पण कशामुळे झालं ते मोटार उघडल्याशिवाय सांगू नका, ना आमच्या बाजूने ना आमच्या विरुद्ध.

मग जे पत्र गेलं ते असं होतं. नाव आणि क्रमांक वगळून बाकी मजकूर इथे देते.

"स. न. वि. वि.

आपले १८ मेचे पत्र काल मिळाले. आमच्या डीलरकडून मार्चमध्ये घेतलेली साडेसात एचपीची मोटार बंद पडली, तिच्या जागी १२ एप्रिल रोजी बसवलेली दुसरी मोटारही १५ मे रोजी बंद पडली, दोन्ही वेळा आपल्याला पाईप काढावा लागला आणि सध्या आपण टँकरने पाणी देत आहात, असे आपण कळवले आहे. खरडछाटणीनंतर बागेला पाणी लागते त्याच दिवसांत आपल्यावर ही वेळ आली, याचा आम्हाला मनापासून खेद आहे.

दुसरी मोटार कशामुळे जळाली हे ती उघडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून त्याबद्दल आज आम्ही कोणतेही मत देत नाही. २३ मे रोजी आमचे मेकॅनिक आपल्याकडे येतील, आपल्यासमोर मोटारीला सील लावतील आणि तशी पावती देतील. २७ मे रोजी सकाळी ११ वाजता ती आमच्या कारखान्यात उघडली जाईल. त्या वेळी आपण स्वतः किंवा आपल्या विश्वासातला वायरमन हजर राहावा. ही तारीख सोयीची नसल्यास बदलून देऊ. तपासणीच्या अहवालाची प्रत आपल्याला ३० मेपर्यंत मिळेल. तोपर्यंत मोटार कुठेही उघडू नये आणि स्टार्टरचे पॅनेल आहे तसेच ठेवावे, ही विनंती.

बागेचे पाणी थांबू नये म्हणून २३ मे रोजीच आमचे मेकॅनिक बदली मोटार आणून बसवतील. ही सोय तपासणी होईपर्यंत आहे. पहिली मोटार बंद पडण्याच्या कारणाची खात्री न करता ती बदलून दिली गेली होती. आताची सोयही कारणाबद्दल काही ठरवून केलेली नाही.

पिकाच्या नुकसानीबद्दल आपण लिहिलेल्या मजकुराची नोंद घेतली आहे. त्याबद्दलचे आमचे म्हणणे तपासणी अहवालासोबत कळवू. दरम्यान काहीही अडचण आल्यास खालील क्रमांकावर थेट मला फोन करावा."

या पत्रातल्या काही जागा ठरवून तशा लिहिल्या आहेत. पहिल्या परिच्छेदात मी त्यांच्याच गोष्टी त्यांच्याच क्रमाने परत सांगितल्या आणि शेवटी "असे आपण कळवले आहे" म्हटलं. आपलं पत्र कोणीतरी ओळ न ओळ वाचलंय, हे त्यांना यातून कळतं. आणि कंपनी या घटनांना आपल्या माहितीतली म्हणून दुजोरा देत नाही, हेही त्या चार शब्दांत राहतं. खेद व्यक्त केला तो त्यांच्यावर आलेल्या वेळेबद्दल. ती वेळ आली होती, यात वाद नव्हता. तिथे "गैरसोय झाली असल्यास" असं मी कधीच लिहीत नाही. झालेली गोष्ट जर-तरमध्ये टाकली की राग दुप्पट होतो, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याने मिळत काहीच नाही.

"मोटार जळाली" असं लिहिलं, "आमच्या मोटारीतल्या दोषामुळे जळाली" असं लिहिलं नाही आणि "कमी व्होल्टेजमुळे जळाली" असंही नाही. कारण सांगत नाही, हे मात्र लपवलं नाही. ते का सांगत नाही आणि कधी सांगू, ते पुढच्याच ओळींत दिलं. माणसाला कारण आज कळलं नाही तरी चालतं, पण कधी कळणार हे कळलं नाही तर त्याला टोलवाटोलवीच दिसते. "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी. त्यात कोण, काय, केव्हा, यातलं काहीच नसतं.

बदली मोटारीबद्दलच्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्या वेळी डीलरने एका अक्षराचाही कागद न करता मोटार बदलून दिली होती आणि शेतकऱ्याने त्याचा अर्थ सरळ लावला, की तुम्हीच चूक मान्य केलीत. त्याचा तर्क चूक नव्हता, कारण दुसरा अर्थ सांगणारा कागदच नव्हता. मदत करताना ती कशाची आहे आणि कशाची नाही, हे त्याच वेळी साध्या शब्दांत लिहिलं की पुढे तिच्यावरून भांडण होत नाही. आणि ही भीती वाटते म्हणून मदतच थांबवायची, हा मात्र सगळ्यात वाईट मार्ग. जळती बाग आणि बंद पंप यांच्यामध्ये एकेक दिवस गेला की दाव्याचा आकडा वाढतच जातो.

२३ तारखेला मेकॅनिक गेले. बोअरला हात लावण्याआधी त्यांनी पॅनेलचा फोटो घेतला, ओव्हरलोड रिलेची सेटिंग लिहून घेतली आणि कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. मोटारीच्या पट्टीवर पूर्ण भाराचा प्रवाह १५ अँपिअर होता आणि रिले होता २२ वर. हे आमच्या भागात सर्रास दिसतं. वीज कमी दाबाने येते, प्रवाह वाढतो, रिले वारंवार पडतो, आणि मध्यरात्री बागेत जाऊन स्टार्टर टाकायचा कंटाळा म्हणून कोणीतरी रिलेचा स्क्रू पुढे सरकवतो. आमच्या मेकॅनिकने लगेच फोन केला, "मॅडम, सापडलं कारण!" मी म्हटलं, कारण नाही सापडलं, एक नोंद सापडली.

२७ मेला शेतकरी आपल्या वायरमनला घेऊन आले. सील तपासून मोटार उघडली. जळालेलं वाइंडिंग वाचता येतं. सगळ्या कॉइली सारख्या काळ्या पडल्या असतील, तर मोटारीवर बराच वेळ जादा भार होता किंवा व्होल्टेज कमी होतं. एका किंवा दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि बाकीच्या स्वच्छ असतील, तर एक फेज गेलेला असताना ती चालली, किंवा कपॅसिटर लावून टू-फेजवर चालवली. थ्रस्ट बेअरिंग घासून निळं पडलं असेल, तर ती पाण्याविना फिरली किंवा बसवताना आत पाणी नीट भरलं नव्हतं. आणि सगळं वाइंडिंग धड असून एकाच जागी खड्डा पडून तांबं वितळलं असेल, तर तारेचं आवरण तिथे आधीच जखमी होतं.

या मोटारीत बेअरिंग चांगलं होतं. कॉइलींचा रंग बदलला नव्हता. फक्त एका ठिकाणी, स्लॉटमधून तार बाहेर वळते तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढा जळका खड्डा होता. मेकॅनिकने स्टँपिंगच्या कडेवरून बोट फिरवलं आणि थांबला. कडेला धातूची बारीक धार राहून गेली होती. तार ओढताना तिचं आवरण तिथे सोललं गेलं असणार. रिले २२ वर असल्यामुळे शॉर्ट झाल्यावर मोटार लवकर सुटली नाही, हे खरं. पण सुरुवात रिलेने केलेली नव्हती. समोर त्यांचा वायरमन उभा होता. त्यालाही हे दिसत होतं.

वकीलसाहेबांचा मसुदा गेला असता तर आता आम्हाला आमचंच पत्र खोटं ठरवावं लागलं असतं. विक्री अधिकाऱ्याचा मसुदा नशिबाने बरोबर ठरला असता, पण कारणापुरताच. पिकाचं सगळं नुकसान भरून द्यायचं वचन तसंच अंगावर राहिलं असतं.

३० मेला दुसरं पत्र गेलं. त्यात सरळ लिहिलं, की दुसऱ्या मोटारीच्या एका कॉइलचं आवरण स्लॉटच्या कडेला खराब झालेलं आढळलं आणि हा दोष उत्पादनातला आहे. रिलेची नोंद जशी होती तशी दिली, तिचा अर्थ वाढवून सांगितला नाही. पहिल्या मोटारीबद्दल लिहिलं, की वाइंडिंग उरलेलं नसल्याने कारण आता सांगता येणार नाही. वकीलसाहेब "उत्पादनातला दोष" या शब्दांवर थोडे अडले, पण अहवालावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. जे दोघांनी डोळ्यांनी पाहिलं ते कागदावर न लिहिणं म्हणजे माहिती दडवणंच झालं असतं. जबाबदारी न स्वीकारता लिहायचं ते कारण कळेपर्यंत. कळल्यावरही तीच भाषा चालू ठेवली तर ती सावधगिरी राहत नाही, लबाडी होते.

पैशाचं बोलणं वेगळ्या पत्रात झालं आणि तिथे "हक्कांना बाधा न येता" हा शिक्का मारला. नवी मोटार, तिची त्या तारखेपासून नवी वॉरंटी, पाईप काढण्या-सोडण्याचा दोन्ही वेळचा खर्च आणि मे महिन्यातल्या टँकरची बिलं, एवढं कंपनीने देऊ केलं. साहेबांना कागदावर "सर्व मागण्यांची पूर्ण व अंतिम फेड" हवं होतं. शेतकरी म्हणाले, ऑक्टोबरात घड निघाल्याशिवाय मी सगळ्याला सही कशी करू? त्यांचं बरोबर होतं. मग कागदावर मोटार, वॉरंटी आणि झालेला खर्च यांचीच फेड लिहिली. पिकाचा प्रश्न उघडा ठेवला, त्यांचा मागायचा हक्क आणि आमचा हरकत घ्यायचा हक्क दोन्ही तसेच राहतील अशा शब्दांत. ग्राहक आयोगाकडे जायला कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे. ती संपेपर्यंत ती फाईल माझ्या कपाटात वरच होती. ते गेले नाहीत. त्या वर्षी घड किती निघाले ते त्यांनी कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. कारखान्यात मात्र त्या लॉटचं स्टँपिंग परत तपासायला घेतलं आणि धार असलेल्या पत्र्या बाजूला काढल्या.

या पद्धतीला मर्यादा आहे. मोटारीचा शॉक लागून माणूस दगावला किंवा भाजला, तर पत्र लिहिणाऱ्याने एकट्याने एक ओळही लिहू नये. तिथे विमा, वकील आणि पोलीस हे सगळे पहिल्या तासापासून असतात, आणि कंपनीतर्फे आधी माणूस जातो, कागद नंतर. माझा सगळा अनुभव माल बिघडल्याचा आणि त्यापायी खर्च झाल्याचा आहे.

तक्रारींना उत्तरं देण्याचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना माझं एकच सांगणं. सही करण्याआधी आपलं पत्र तपासणी अहवालाच्या शेजारी ठेवल्याची कल्पना करा. एकदा दोष आपला निघाला असं धरून वाचा, एकदा त्यांचा निघाला असं धरून वाचा. दोन्ही वेळा एकही ओळ खोडावीशी वाटली नाही, तरच सही करा.